पाचवा काढायचा, सहावा-सातवी सरकवायची

५ जानेवारी

काम आलं. राजारामपुरीतल्या एका घरचा ग्रुप फोटो. चौथ्या मजल्याची गच्ची, मागे लोखंडी कठडा आणि लांबवर डोंगराची रेघ, डावीकडे पन्हाळा, उजवीकडे जोतिबा. रांगेत सात माणसं उभी. डावीकडून थोरले दादा, वहिनी, आजी, नात, तिचा ठरलेला नवरा, मग धाकटे काका आणि काकू. लग्न मोडलं. आजींचा इतका चांगला फोटो दुसरा नाही म्हणून भिंतीवर हाच लावायचा आहे, फक्त पाचवा माणूस नको. १८ × १२ इंच, मॅट.

वहिनी म्हणाल्या, "मोकळी जागा ठेवू नगासा हं. जागा दिसली की येणारा-जाणारा इचारतोयच, हितं कोण होतं म्हणून."

बरोबर बोलल्या. नुसता माणूस पुसून मागे कठडा भरला तर काम निम्म्या वेळात होईल, पण रांगेत पडलेलं खिंडार त्या माणसापेक्षा जास्त बोलतं. म्हणजे उजवीकडची दोघं डावीकडे आणायची.

घरच्या भिंतीचा फोटो आहे म्हणून घेतलं. संस्थेच्या अहवालातला किंवा कुठल्या कज्जात दाखवायचा असता तर हात लावला नसता. मूळ फाइल जशीच्या तशी वेगळ्या फोल्डरला ठेवली आहे, आणि ती पुढे कधी हवी असेल तर मिळेल हे वहिनींना सांगून ठेवलं.

फाइल ६००० × ४००० पिक्सेल, ३५ मिलिमीटर लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा. ऊन उतरल्यावर काढलेला, त्यामुळे सावल्या मऊ आहेत, उजेड सगळ्यांवर डावीकडून सारखा. कडक उन्हात पाचव्याची सावली काकांच्या अंगावर पडली असती आणि मग ती सावलीही काढत बसावं लागलं असतं. इथे ते काम वाचलं.

६ जानेवारी

आज फोटोला हात लावला नाही, फक्त मोजमाप केलं. शिकाऊ पोराला हेच पटत नाही. त्याला लगेच लॅसो फिरवायचा असतो.

पहिली गोष्ट, किती सरकवायचं. नात आणि काका यांच्या मध्यरेषांतलं अंतर ११८० पिक्सेल आहे. बाकीच्या शेजाऱ्यांमध्ये साधारण ६१० आहे. म्हणजे काकांना ५७० च्या आसपास डावीकडे आणलं की रांग एकसारखी दिसेल. पण हा आकडा माणसांनी सांगितलेला आहे, आणि मागच्या कठड्याचं म्हणणं वेगळं आहे. कठड्याचे गज दर ९२ पिक्सेलला येतात. ५७० म्हणजे सहा गज आणि वर थोडं. तेवढं सरकवलं तर जोडावर दोन गजांमधली जागा कमी-जास्त होईल आणि डोळा नेमका तिथेच अडकेल. सहा गज म्हणजे ५५२, सात म्हणजे ६४४. सात घेतले तर काका नातीच्या अंगावर येतात. म्हणून ५५२ पक्के. काकांची जागा अठरा पिक्सेलनी इकडे-तिकडे झाली तर कुणाला कळत नाही, गज अठरा पिक्सेलनी चुकला तर कळतो. माणसं कधी सारख्या अंतरावर उभी राहत नाहीत, गज मात्र राहतात.

दुसरी गोष्ट, कठडा आडवा आहे का. वरची पट्टी उजवीकडे किंचित उतरते, अर्ध्या अंशाने. दिसायला काही नाही, पण ५५२ पिक्सेल सरकवल्यावर पट्टी जोडावर पाचेक पिक्सेल खाली येते. म्हणून उजवा भाग डावीकडे ५५२ आणि वर ५. Shift दाबून सरळ रेषेत ओढायची सवय असते, ती इथे नडते.

तिसरी गोष्ट, लेन्स. रुंद लेन्समध्ये कडेची माणसं आडवी ताणली जातात. कडेचा माणूस मधे आणला की तो ताण त्याच्याबरोबर येतो आणि माणूस शेजाऱ्यापेक्षा उगाच जाड दिसतो. ३५ मिलिमीटरला, इतक्या सरकवण्याने, काकूंच्या बाबतीत फरक दोन टक्क्यांच्या आसपास येतो. तो सोडून दिला. हाच फोटो मोबाइलच्या ०.५ लेन्सने काढलेला असता तर फरक दहा टक्क्यांच्या वर गेला असता आणि दोघांनाही आधी अरुंद करावं लागलं असतं. काकू खूश झाल्या असत्या, ते वेगळं.

चौथी, कागद. ६००० मधून ५५२ गेले की रुंदी ५४४८ उरते. १८ × १२ चं प्रमाण दीडास एक आहे, म्हणून उंची ३६३२ ठेवायची. वरचं आकाश आणि खालची फरशी मिळून ३६८ पिक्सेल कापली जातील. छपाईला इंचाला तीनशेच्या वरच पिक्सेल मिळतात. आणि फरशी जितकी कापली जाईल तितकं बरंच आहे, कारण खरी कटकट फरशीचीच आहे.

७ जानेवारी

पोराने सकाळी `Content-Aware Scale` लावून बघितलं. सहा माणसं मास्कने राखली आणि रुंदी कमी केली. ही युक्ती फोटोशॉपमध्ये २००८ पासून आहे. तिचं मूळ अविदान आणि शामिर या दोघांच्या २००७ च्या कामात आहे. चित्रात जिथे फारसा तपशील नाही अशी वरून खालपर्यंत जाणारी एक वाकडीतिकडी पिक्सेलची वाट शोधायची, ती काढून टाकायची, दोन्ही बाजू चिकटवायच्या, आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. वाळू, गवत, आकाश असलं तर झकास होतं. इथे त्या वाटा गजांमधून तिरक्या गेल्या आणि कठडा वितळल्यासारखा झाला. पोराला गज मोजायला लावले, मग त्यानेच फाइल बंद केली.

त्यानंतर नेहमीच्या पद्धतीने. पाचव्याच्या मधोमध उभी रेघ धरून तिच्या उजवीकडचं सगळं निवडलं, काका, काकू, कठडा, डोंगर, आकाश, फरशी सकट, आणि Ctrl+J ने वेगळा थर केला. नुसती माणसं कापून उचलायची नाहीत. माणूस कापला की केसांच्या कडा आल्या, आणि उचलला की त्याच्या जुन्या जागी भोक आलं. मागच्या दृश्यासकट अख्खा तुकडा सरकवला तर यातलं काहीच होत नाही. भोक पडतं ते फक्त फोटोच्या उजव्या टोकाला, आणि ते कापूनच टाकायचं असतं.

थराचा मोड `Difference` केला. यात दोन थर जिथे तंतोतंत एकसारखे असतात तिथे काळं दिसतं. ५५२ डावीकडे, ५ वर. गज गजावर बसले तसा कठड्याचा भाग काळा होत गेला. बाणाच्या कळीने एक पिक्सेल उजवीकडे नेऊन पाहिलं तर प्रत्येक गजाला दोन्ही बाजूंनी उजळ रेघ आली. परत आणलं, मोड `Normal` केला, थराला मास्क लावला. मास्कची कड काकांच्या शरीराच्या कडेने फिरवली, खांद्यापासून बुटापर्यंत. जोड मोकळ्या जागेत ठेवायचा नाही. माणसाच्या कडेला तसंही एक दृश्य संपून दुसरं सुरू होतं, त्यामुळे तिथला जोड कुणी जोड म्हणून बघत नाही.

उरला तो दोन डोक्यांमधला डोंगर आणि कमरेखालची निमुळती फट. फटीतले गज जुळलेले आहेतच. डोंगर मात्र जुळत नाही. त्याला गजांसारखा ठरावीक टप्पा नाही, त्यामुळे रेघेला अठरा पिक्सेलची पायरी पडली. डोक्यांमधली जागा साडेचारशे पिक्सेलच्या आसपास आहे. तेवढ्यात `Warp` ने रेघ हळूहळू उतरवली. धुकं होतं, त्याने मदत केली. जोतिबाचा डोंगर पन्हाळ्याच्या जरा जवळ आला आहे, त्याला इलाज नाही.

८ जानेवारी

फरशी.

गच्चीवर एक फुटी चौकोनी फरश्या आहेत. काकांच्या पायांजवळ एक फरशी ३३३ पिक्सेल रुंद दिसते, मागे कठड्याजवळ २९२, आणि कॅमेऱ्याच्या दिशेने ती मोठी होत जाते. कठडा कॅमेऱ्याला समांतर उभा आहे म्हणून त्याचे गज सगळीकडे ९२ च आहेत. फरशी आडवी पसरलेली आहे, तिला असा एक आकडाच नाही. ५५२ म्हणजे पायांजवळ दीड फरशीपेक्षा थोडं जास्त, म्हणजे सांधे कुठेच जुळणार नाहीत. बरं, दोन फरश्या सरकवून पायांजवळ जुळवलं असतं तरी एक हात पुढे पुन्हा चुकलं असतं. शिवाय खोलीकडे जाणारे सगळे सांधे एका बिंदूकडे झुकतात, आणि फोटोच्या मध्यापासून जितकं लांब जावं तितका झुकाव जास्त. उजवीकडचा तिरका सांधा मधे आणला तर तो शेजारच्या सांध्याशी फटकून उभा राहतो. आपण भूमिती शिकलेलो नसलो तरी डोळा शिकलेला असतो.

म्हणून नियम असा की उभं आहे ते सरकवायचं, आडवं पसरलंय ते जागेवर ठेवायचं. सरकवलेल्या थरातून फरशी मास्कने काढून टाकली, फक्त पाय आणि काकूंच्या साडीचा काठ ठेवला. खालून मूळ फरशी वर आली, आणि तिच्यावर अर्थातच मूळचे पायही आले.

इथे एक सोय आपोआप होते. काकू सरकून जवळजवळ काकांच्या जुन्या जागी येतात आणि काका पाचव्याच्या जागी. त्यामुळे काकूंच्या साडीचा घेर काकांचे जुने बूट झाकतो, एका बाजूला बोटभर बूट डोकावतो तेवढा पुसायचा. पाचव्याच्या चपला काकांच्या बुटांशेजारी थोड्या राहतात. पूर्ण भरावी लागते ती काकूंची जुनी जागा. ती `Vanishing Point` मध्ये भरली. आधी चार फरश्यांच्या कोपऱ्यांवर जाळी बसवायची, मग त्या जाळीत शिक्का मारला की उचललेली फरशी पुढे मोठी, मागे लहान होऊन बसते. साधा क्लोन शिक्का वापरला असता तर सांधा मधेच मोडला असता.

पायाखालची सावली वेगळ्या थरावर `Multiply` मध्ये. बुटाच्या तळाला चिकटून अगदी बारीक गडद रेघ, आणि तिच्याभोवती उजवीकडे झुकणारी फिकट, मऊ सावली. ती बारीक रेघ विसरली की माणूस तरंगतो. आजींच्या पायांजवळची खरी सावली समोर ठेवून तिच्याइतकीच गडद केली.

९ जानेवारी

हात. खरं काम हेच होतं, म्हणून ताज्या डोळ्यांसाठी राखून ठेवलं होतं.

नातीने पाचव्याच्या उजव्या कोपराला धरलेलं आहे. बोटं त्याच्या बाहीभोवती वळलेली. पाचवा थोडा पुढे उभा असल्याने काकांचा उजवा हात त्याच्यामागे पूर्ण झाकलेला, म्हणजे फोटोत तो हात नाहीच. आणि पाचव्याचा डावा हात काकांच्या पाठीमागून जाऊन त्यांच्या डाव्या खांद्यावर आलेला, चार बोटं दिसतात.

काका वर ठेवावेत तर त्यांना हात नाही. नात वर ठेवावी तर तिने धरलंय काय? काकांचा डावा हात उलटा करून लावता येतो, पण त्या मनगटावर घड्याळ आहे, आणि नातीच्या बोटांच्या वळणात तो नेमका बसवायचा म्हणजे दिवस जातो.

मग दोन्ही अडचणी एकमेकींना जोडल्या. काका आता पाचव्याच्याच जागी उभे आहेत. पाचव्याचा उजवा हात नातीच्या बोटांत बरोबर बसलेला आहे, उजेडही बरोबर, आणि काकांना उजवाच हात हवा आहे. तर तो हात काढायचाच नाही. मूळ फोटोतून नातीची बोटं आणि पाचव्याचा दंडापासून पंज्यापर्यंतचा हात असा एक तुकडा वेगळा करून सगळ्यात वर ठेवला. पाचवा उंच, त्याचा खांदा काकांपेक्षा वर. म्हणून दंडाचा वरचा भाग मास्कने कापला आणि काकांच्या खांद्याचा उतार दंडावर आणून टेकवला.

कुर्ता मोतिया, काकांचा शर्ट पांढरा. पूर्ण रंग काढून टाकला तर बाही राखाडी, मेलेली दिसते. पिवळा कमी केला, उजळ भाग थोडा वर उचलला आणि घडीच्या सावलीत किंचित निळा सोडला, कारण काकांच्या शर्टाच्या सावल्याही आकाशामुळे निळसर आहेत. कुर्त्याच्या बाहीला कफ नसतो. तो काकांच्या दुसऱ्या बाहीचा घेतला, उलटा करून बसवला.

मग बोटातली अंगठी दिसली. साखरपुड्याची. हीलिंग ब्रशने काढली, अंगठीच्या दोन्ही बाजूंची कातडी घेऊन. तरण्या माणसाचा पंजा काकांना लागला आहे, पण पंज्याकडे कोण बघतंय. थोडक्यात, तो माणूस फोटोतून पूर्ण गेलेला नाही, पण हे वहिनींना सांगायची गरज वाटली नाही.

डाव्या खांद्यावरची चार बोटं राहिली. अशी बोटं लोक हमखास विसरतात. माणूस जातो आणि त्याची बोटं दुसऱ्याच्या खांद्यावर बसून राहतात. बोटांखालून शर्टाची खांद्यावरची शिवण जाते. आधी शिवण, मग कापड, हा क्रम ठेवला. शिवणीचा दिसणारा तुकडा क्लोन करून बोटांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, मग तिच्या वरचं आणि खालचं कापड भरलं. आधी कापड भरलं असतं तर शिवण दोन ठिकाणी तुटली असती आणि खांदा शिवल्यासारखा न दिसता चिकटवल्यासारखा दिसला असता. बोटांनी कापड जरा दाबलेलं होतं, तो खळगा तसाच ठेवला. वाऱ्याने पडलेली घडी म्हणून खपतो.

१० जानेवारी

तपासणी. फोटो आडवा उलटा करून बघितला. उलट्या चित्रात डोळ्याला सवयीचे चेहरे सापडत नाहीत आणि तो चुका शोधायला लागतो. फटीत खालच्या बाजूला एक गज तळाशी दुप्पट जाड निघाला, मास्क तिथे विस्कटला होता. नीट केला. मग शंभर टक्के मोठं करून जोडावरून वरपासून खालपर्यंत गेलो. `Warp` केलेल्या डोंगराच्या पट्टीत कॅमेऱ्याचे दाणे पुसट झाले होते, शेजारचं आकाश दाणेदार. त्या पट्टीवर थोडा `Noise` टाकला. पडद्यावर हे दिसत नाही, पण मॅट कागदावर तिथे एक गुळगुळीत डाग उठतो.

सहा बाय चारचा नमुना छापून पोराच्या हातात दिला. त्याला माहीत आहे म्हणून तो जोडच शोधत बसला. शेजारच्या चहावाल्या मामांना दाखवला आणि विचारलं, यात काय खटकतंय? ते म्हणाले, "म्हातारी लय झकास आल्या की ओ." मोठी प्रिंट टाकली.

१२ जानेवारी

वहिनी आल्या, प्रिंट घेतली, पैसे दिले. नातीने काकांचा हात धरलेला पाहून म्हणाल्या, "ह्ये बरं दिसतंय."

जाताना मोबाइलवर दुसरा फोटो दाखवला. त्याच दिवशीचा, पण दोन ओळींत बावीस-तेवीस माणसं. पुढची ओळ खुर्च्यांवर, मागची उभी. तोच माणूस पुढच्या ओळीत मधोमध. "ह्यातनं बी तसंच सरकवून द्या."

यात सरकवता येणार नाही. मागच्या ओळीतला प्रत्येक माणूस पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधे उभा केलेला आहे. पुढची ओळ एका खुर्चीने डावीकडे घेतली तर कुणाचा चेहरा अर्धा झाकेल, कुणाचा पोटाचा भाग उघडा पडेल, आणि तो मूळ फोटोत कुठेच नाही. दोन्ही ओळी मिळून सरकवाव्यात तर मागच्या ओळीतला एक माणूस विनाकारण जातो. तो बहुधा वहिनींचा भाऊ आहे. म्हणजे माणूस काढून त्याची खुर्ची रिकामी दाखवायची, नाहीतर त्याच दिवशीच्या दुसऱ्या फोटोतून कुणाला तरी आणून त्या खुर्चीवर बसवायचं. खुर्चीच्या पाठीचा आणि मागच्याच्या कमरेचा झाकलेला भाग दोन्ही बाबतीत भरावा लागेल.

वहिनींना त्या दिवशीचे सगळे फोटो पेनड्राइव्हमध्ये आणायला सांगितलंय, नको वाटणारे, डोळे मिटलेले, सगळे. त्या खुर्चीवर थोड्या वेळासाठी जरी दुसरं कुणी बसलं असेल तर निम्मं काम तिथेच होईल. ते बघून दर सांगणार.